नोकरीतला सात वर्षांचा खंड रेझ्युमेच्या समरीत कसा लिहावा

प्रश्न: मी पावसला राहते. बी.कॉम. झाल्यावर रत्नागिरीतल्या एका मासळी प्रक्रिया कंपनीत जून २००९ ते ऑगस्ट २०१८ अकाउंट्समध्ये होते. सासूबाईंना पक्षाघात झाला म्हणून नोकरी सोडली. त्या गेल्या वर्षी गेल्या. जून २०२५ पासून एका कर सल्लागारांच्या ऑफिसात रोज सकाळी तीन तास जाते. आता पूर्णवेळ नोकरी हवी आहे. मैत्रीण म्हणते, "बागेचे हिशेब तूच ठेवत होतीस ना, मग फ्रीलान्स अकाउंटंट लिही." भाऊ म्हणतो, "गॅपचा उल्लेखच करू नकोस." समरीत नेमकं काय लिहू? माझा मसुदा सोबत देते आहे.

उत्तर:

दोघांचेही ऐकू नका. खंड लिहायचा, पण एकाच वाक्यात लिहायचा आणि तो समरीच्या मध्यावर ठेवायचा. त्याच्या आधी तुमचे नऊ वर्षांचे काम यावे आणि त्याच्या नंतर जूनपासून सुरू असलेले काम यावे. रत्नागिरी, चिपळूण आणि लोटे परिसरातील कारखान्यांसाठी अनेक वर्षे माणसे निवडण्याचे काम मी करतो आहे, आणि खंड असलेल्या उमेदवारांच्या बाबतीत माझे निरीक्षण असे आहे की वाचणाऱ्याला खंडापेक्षा खंडाभोवतीची संदिग्धता अधिक खटकते. समरी साधारणपणे अकाउंट्स मॅनेजर किंवा मालकांचे सीए वाचतात. त्यांच्या मनात तीनच प्रश्न असतात: ही व्यक्ती कोणते काम करू शकते, ते काम तिला आजच्या पद्धतीने येते का, आणि ती टिकेल का. यापैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पहिल्या प्रश्नाच्या वेळी मनात आलेली सात वर्षांची शंका बहुतेक वेळा तेथेच थांबते.

प्रथम तुमच्या भावाच्या सल्ल्याविषयी. खंड समरीत लिहिला नाही तरी तो खालच्या अनुभवाच्या रकान्यात दिसतोच, कारण तेथे ऑगस्ट २०१८ नंतर थेट जून २०२५ येते. काही जण मग तारखाच काढून टाकतात आणि केवळ कौशल्यांची यादी देतात. मात्र हिशेबाच्या क्षेत्रातील माणसाला तारखा नसलेला कागद वाचण्याची सवय नसते आणि तो पहिल्या फोनवरच "शेवटची नोकरी कधी सोडलीत?" असे विचारतो. त्या प्रश्नाला तुम्ही जे उत्तर द्याल, ते तोपर्यंत लपवलेले उत्तर ठरते. शिवाय नोकरीवर रुजू होताना भविष्य निर्वाह निधीसाठी फॉर्म ११ भरावा लागतो. त्यात आधीचा यूएएन क्रमांक आणि मागील नोकरी सोडल्याची तारीख द्यावी लागते. म्हणजे समरीत जी तारीख गाळली जाते ती रुजू होण्याच्या दिवशी तुमच्याच सहीने कागदावर येते, आणि तोपर्यंत पदाची बोलणी झालेली असल्याने तिचा परिणाम अधिक वाईट होतो.

म्हणूनच समरी लिहायला बसण्याआधी एक काम उरकून घ्या. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर लॉगिन करा, View या मेनूखाली Service History उघडा आणि जुन्या कंपनीसमोर नोकरी सोडल्याची कोणती तारीख दिसते ती पाहा. पुष्कळांच्या बाबतीत रिलीव्हिंग लेटरवर एक तारीख असते आणि पोर्टलवर दुसरी, किंवा कंपनीने सोडल्याची तारीख नोंदवलेलीच नसते. तारीख नोंदवलेली नसेल तर Manage मधील Mark Exit येथून ती तुम्हाला स्वतःला नोंदवता येते. तारीख चुकीची असेल तर जुन्या कंपनीकडून दुरुस्ती करून घ्यावी लागते, आणि त्याला वेळ लागतो. समरीत महिना लिहायचा असेल तर तो या नोंदीशी जुळला पाहिजे. महिना न लिहिता केवळ '२००९ ते २०१८' असे लिहिण्यालाही माझी हरकत नाही, कारण त्यात काही लपत नाही. मात्र तसे लिहायचे ठरवले तर सर्व नोंदींना तोच नियम लावा. एका ठिकाणी महिना आहे आणि खंडाच्या कडेला मात्र तो नाही, असे दिसले की वाचणाऱ्याची नजर नेमकी तेथेच अडते.

तुमच्या मैत्रिणीचा सल्ला वरकरणी अधिक निरुपद्रवी वाटतो, कारण तुम्ही बागेचे हिशेब खरोखरच ठेवत होता. तरीही 'फ्रीलान्स अकाउंटंट' हे पद लिहू नका. फ्रीलान्स म्हटले की समोरचा माणूस तीन गोष्टी गृहीत धरतो: कामाचे पैसे देणारे बाहेरचे ग्राहक होते, त्यांना तुम्ही बिल देत होता, आणि विचारले तर त्यांतील एखादा ग्राहक फोनवर दोन शब्द सांगू शकेल. तुमच्या बाबतीत यातील एकही गोष्ट खरी नाही. मुलाखत घेणारा स्वतः हिशेबाचा माणूस असल्यामुळे त्याचा पुढचा प्रश्न 'किती पार्ट्यांची विवरणपत्रे भरत होता?' हाच असणार. घरच्या बागेचे उत्पन्न हे शेतीचे उत्पन्न असल्याने त्यावर प्राप्तिकर नाही, आणि घरच्या बागेतील आंबा विकण्यासाठी शेतकऱ्याला जीएसटी नोंदणीही लागत नाही. त्यामुळे त्या प्रश्नाला देण्यासारखे उत्तर तुमच्याजवळ नसेल, आणि खऱ्या नऊ वर्षांवरही त्याचा विश्वास उरणार नाही.

मात्र याचा अर्थ ते काम पुसून टाकावे असा होत नाही. वाशीच्या बाजारात पेट्या पाठवल्यावर दलालाकडून जी पट्टी येते, तिच्यावर पेट्यांची संख्या आणि दर असतो आणि त्यातून भाडे, हमाली यांसारखे खर्च वजा झालेले असतात. आपण पाठवलेल्या पेट्या, पट्टीवरच्या पेट्या आणि बँकेत जमा झालेली रक्कम या तिन्हींचा मेळ घालणे हे सरळसरळ ताळमेळाचे काम आहे, आणि कोकणातल्या कोणत्याही कारखान्याच्या अकाउंट्स विभागात 'पट्टी' म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. हे काम समरीत नको. खालच्या अनुभवाच्या रकान्यात खंडाची जी नोंद कराल तिच्याखाली एका ओळीत लिहा: 'या काळात कुटुंबाच्या आंबा बागेच्या विक्रीपट्ट्या, मजुरी आणि बँक खाते यांचा हिशेब ठेवला (विनावेतन).' कंसातला तो शब्द गाळू नका. त्या शब्दामुळे ओळ लहान वाटेल, परंतु त्याच शब्दामुळे ती खरी वाटते. गावातील एखाद्या बचत गटाचे जमाखर्च लिहिले असतील तर तेही याच ओळीला जोडता येईल, कारण तेथे पासबुक, इतिवृत्त आणि कर्जवाटपाच्या नोंदी असतात आणि गटाच्या अध्यक्षा त्याविषयी सांगू शकतात.

आता तुमच्या मसुद्याकडे वळू. त्याचे पहिले वाक्य असे आहे: 'मी एक मेहनती आणि प्रामाणिक व्यावसायिक असून मला १६ वर्षांचा अनुभव आहे.' १६ हा आकडा २००९ पासून आजपर्यंत मोजून आलेला आहे. तुमचा हेतू फसवण्याचा नाही हे मला कळते, परंतु वाचणारा तारखांची वजाबाकी करतो आणि त्याला नऊ मिळतात. पुढच्या सगळ्या मजकुराकडे तो मग संशयाने पाहतो. येथे ९ लिहा. 'मेहनती आणि प्रामाणिक' हे शब्द काढा, कारण ते प्रत्येकाच्या बायोडेटात असतात आणि ते पारखण्याचा मार्ग वाचणाऱ्याजवळ नसतो.

त्याच वाक्याच्या पुढे तुम्ही 'जीएसटीचा प्रदीर्घ अनुभव' असे लिहिले आहे. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला आणि तुम्ही ऑगस्ट २०१८ मध्ये नोकरी सोडली. म्हणजे त्या नोकरीतला तुमचा जीएसटीचा अनुभव वर्षभराहून थोडाच अधिक आहे, आणि त्याआधीची आठ वर्षे व्हॅट, सेवाकर आणि केंद्रीय विक्रीकर यांत गेली. मुलाखत घेणाऱ्याला ही तारीख पाठ असते. 'जुलै २०१७ पासून जीएसटी विवरणपत्रांची तयारी' असे नेमके लिहिल्यास त्यात कमीपणा काहीच नाही. उलट नवी करपद्धती लागू होताना जुनी नोंदवही नव्या पद्धतीत वळवण्याचे किचकट काम तुम्ही केले आहे, हे जाणकाराला त्या एका तारखेवरून समजते.

मसुद्याचे दुसरे वाक्य खंडाविषयी आहे: 'दुर्दैवाने कौटुंबिक अडचणींमुळे मला नोकरी सोडावी लागली व त्यानंतर मोठा गॅप पडला, तरी कृपया संधी द्यावी.' या वाक्यात तीन दोष आहेत. 'अडचणी' या शब्दामुळे वाचणाऱ्याला वाटते की अडचणी अजूनही असू शकतील. 'मोठा गॅप' यात कालावधी नाही, केवळ त्याचे ओझे आहे. आणि विनंती समरीत शोभत नाही, तिची जागा फार तर सोबतच्या पत्रात असते. खंडाच्या वाक्यात चार गोष्टी पुरेशा आहेत: कधीपासून, कधीपर्यंत, कशासाठी, आणि ते कारण आता संपले आहे की नाही. यातील चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. 'ही टिकेल का' या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच असते.

कारण किती सांगावे याला मर्यादा आहे. 'कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीची पूर्णवेळ शुश्रूषा' एवढे पुरे. आजाराचे नाव, सासूबाईंचे निधन, घरात दुसरे कोणी नव्हते हा खुलासा, यातील काहीही समरीत येऊ नये. ते खासगी आहे, आणि एकदा लिहिले की मुलाखतीचे पहिले दहा मिनिटे सांत्वनात जातात. वाचकांपैकी कोणाचा खंड स्वतःच्या आजारपणामुळे पडला असेल तर 'वैयक्तिक आरोग्याच्या कारणास्तव' असे लिहून पुढे 'आता पूर्णवेळ कामास सक्षम' असे म्हणावे, मात्र ते खरोखर तसे असेल तरच. उपचार सुरू असतील आणि महिन्यातून एक दिवस मुंबईला जावे लागत असेल, तर समरीत तो भाग वगळून मुलाखतीत पगाराची बोलणी होण्यापूर्वी तोंडी सांगावा.

मसुद्याच्या तिसऱ्या वाक्यात तुम्ही लिहिले आहे की या काळात तुम्ही 'टाइम मॅनेजमेंट, मल्टिटास्किंग आणि संयम' ही कौशल्ये आत्मसात केली. ती केली असतील यात मला शंका नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा ज्याने केली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. पण अकाउंट्सच्या पदासाठी हे वाक्य खर्ची घालू नका. सकारात्मक लिहिणे म्हणजे खंडातून काहीतरी नफा काढून दाखवणे, असा एक समज हल्ली रूढ झाला आहे आणि तो मला पटत नाही. खंडाचे वाक्य कोरडे ठेवा. सकारात्मकता त्याच्या पुढच्या वाक्यात येऊ द्या, आणि ती कामाच्या रूपाने येऊ द्या.

ते पुढचे वाक्य म्हणजे तुम्ही आज काय करता. या सात वर्षांत तुमच्या क्षेत्रात जे बदलले ते थोडे नाही. तुम्ही सोडून गेलात तेव्हा खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट बरेचसे आपल्या वहीवरून घेतले जात होते आणि पुरवठादाराने भरलेली माहिती जीएसटीआर-२ए मध्ये पाहून नंतर मेळ घातला जात होता. २०२० मध्ये पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांची दरमहा तयार होणारी यादी, म्हणजे जीएसटीआर-२बी, आली आणि १ जानेवारी २०२२ पासून जे बिल त्यात दिसते त्याचेच क्रेडिट घेता येते. ई-इन्व्हॉइस तुमच्या काळात नव्हतेच. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना ते लागू आहे, त्यामुळे येथील बहुतेक निर्यातदार कंपन्या त्यात येतात. टॅली ईआरपी ९ च्या जागी टॅलीप्राइम आले. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे सक्तीचे झाले, म्हणजे चुकलेले व्हाउचर मागाहून गुपचूप दुरुस्त करण्याची जी सवय जुन्या लोकांना होती ती आता चालत नाही. आणि निर्यातीवर मिळणारा एमईआयएसचा लाभ बंद होऊन १ जानेवारी २०२१ पासून रोडटेप योजना आली.

हे सगळे समरीत घालायचे नाही. यातून दोन गोष्टी निवडा, ज्या तुम्ही सध्या खरोखर हाताने करता. कर सल्लागारांच्या ऑफिसात तुम्हाला सर्वाधिक उपयोगी पडणारे काम दर महिन्याच्या १४ ते २० तारखांच्या दरम्यान होते. १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होते आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांना २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरायची असते. त्या सहा दिवसांत खरेदी नोंदवही एका बाजूला आणि २बीचे शीट दुसऱ्या बाजूला ठेवून बिलागणिक मेळ घालावा लागतो. सकाळचे तीन तास या काळात वाढवून मिळाले तर जरूर वाढवून घ्या.

समरीत 'स्वतंत्रपणे' हा शब्द वापरता येईल की नाही, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. समजा, एका मासळी प्रक्रिया कंपनीने ऑगस्ट महिन्यात कोल्हापूरच्या पुरवठादाराकडून पॅकिंगचे खोके घेतले, बिल वहीत नोंदले आहे, खोके गोदामात आले आहेत, परंतु १४ सप्टेंबरला आलेल्या २बीमध्ये ते बिल नाही. मुलाखतीत विचारले जाईल की आता काय कराल. तुम्ही प्रथम पाहाल की बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक बरोबर पडला आहे का, कारण तो चुकला तर बिल कंपनीच्या २बीमध्ये येत नाही. तो बरोबर असेल तर पुरवठादार तिमाही विवरणपत्र भरणारा आहे का ते पाहाल. ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना ती सवलत आहे, आणि त्याने मधल्या महिन्याची बिले ऐच्छिक सुविधेतून चढवली नाहीत तर ती तिमाही संपल्यावरच दिसतात. मग ते क्रेडिट या महिन्यात न घेता प्रलंबित यादीत टाकाल, पुरवठादाराला फोन कराल आणि बिल २बीमध्ये दिसेल त्या महिन्यात क्रेडिट घ्याल. हे उत्तर कोणाला न विचारता देता येत असेल तर 'स्वतंत्रपणे' लिहा. अडखळत असाल तर 'देखरेखीखाली' लिहा आणि महिनाभराने बदला. २०१८ नंतर हे काम बसून केल्याशिवाय असे उत्तर देता येत नाही, त्यामुळे या एका वाक्याने खंडाचा प्रश्न जितका सुटतो तितका कोणत्याही प्रमाणपत्राने सुटत नाही. टॅलीप्राइमचा सराव मात्र घरीही होतो. त्याची शैक्षणिक आवृत्ती विनाशुल्क चालते. तीत महिन्यातील ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात, पण हात बसण्यासाठी तेवढे पुरते.

सल्लागारांच्या ऑफिसचा उल्लेख करण्याआधी त्यांची परवानगी घ्या. चौकशीचा फोन त्यांनाच येणार आहे, आणि तुम्ही 'अर्धवेळ काम' लिहिले असताना त्यांनी सहज 'हो, त्या शिकायला येतात' असे सांगितले तर दोन्ही खरे असूनही तुमचे वाक्य खोटे वाटेल. मानधन मिळत असेल तर 'अर्धवेळ', मिळत नसेल तर 'प्रशिक्षणार्थी', असे दोघांनी मिळून ठरवा.

आता सगळे एकत्र करू. रेझ्युमे इंग्रजीत जाईल हे गृहीत धरले आहे, तरी मांडणी आधी मराठीत पक्की करावी, म्हणजे इंग्रजीतली ठरावीक पोकळ विशेषणे आपोआप बाहेर राहतात.

> निर्यातप्रधान मासळी प्रक्रिया कंपनीत ९ वर्षांचा अनुभव असलेली अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह; खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक ताळमेळ, निर्यात कागदपत्रे आणि जुलै २०१७ पासून जीएसटी विवरणपत्रांची तयारी हे काम केले. ऑगस्ट २०१८ ते मे २०२५ या काळात कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीच्या पूर्णवेळ शुश्रूषेसाठी नोकरीत खंड घेतला; ती जबाबदारी आता पूर्ण झाली आहे. जून २०२५ पासून रत्नागिरीतील कर सल्लागारांच्या कार्यालयात अर्धवेळ काम करीत असून टॅलीप्राइममधील नोंदी आणि जीएसटीआर-२बीशी खरेदीचा मासिक ताळमेळ स्वतंत्रपणे करते. रत्नागिरी परिसरात अकाउंट्समधील पूर्णवेळ पदासाठी उपलब्ध.

मजकूर यापेक्षा वाढवू नका. तो वाढू लागला की वाढ हमखास खंडाच्या वाक्यातच होते, कारण खुलासा करण्याची इच्छा तेथे दाटून येते. तुमचा मूळ मसुदा तपासून पाहा, त्यातील निम्म्याहून अधिक शब्द खंडाविषयीच आहेत. वरच्या समरीत खंडाला चारपैकी एकच वाक्य मिळाले आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काम आहे. जन्मतारीख, पतीचे नाव, जात, वैवाहिक स्थिती हा जो मजकूर आपल्याकडच्या बायोडेटात लग्नाच्या स्थळासारखा वर येऊन बसतो, तो मात्र संपूर्ण काढून टाका.

लिंक्डइनवर खाते असेल तर तेथेही याच तारखा ठेवा. २०२२ पासून तेथे अनुभवाच्या भागात Career break नावाची वेगळी नोंद करता येते आणि तिच्या प्रकारांत Caregiving हा पर्याय आहे. तो निवडला म्हणजे वेगळ्या खुलाशाची गरज राहत नाही. नोकरीच्या संकेतस्थळांवर, रेझ्युमेत आणि तोंडी उत्तरात तारखा वेगवेगळ्या निघणे ही सर्वांत सामान्य चूक आहे, आणि ती बहुधा निष्काळजीपणाने होत असली तरी वाचणारा तिचा अर्थ तसा लावत नाही.

समरी काम करते आहे की नाही, हे अर्ज पाठवल्यानंतरच्या प्रतिसादावरून कळते. मुलाखतीला बोलावणे येते पण तेथे अर्धा वेळ खंडाविषयीच प्रश्न होतात, असे झाले तर तिसरे वाक्य कच्चे आहे असे समजा. त्यात अधिक ठोस काम यायला हवे. बोलावणेच येत नसेल तर दोष खंडाच्या वाक्यात शोधत बसू नका. बहुतेक वेळा उमेदवाराने जुन्या पदाच्या वरच्या पदासाठी अर्ज केलेला असतो, किंवा जाहिरातीत मागितलेले सॉफ्टवेअर समरीत दिसत नसते. आणि प्रत्येक जण "टिकाल ना?" असे विचारत असेल, तर 'जबाबदारी पूर्ण झाली आहे' हे वाक्य वाचले गेले नाही किंवा पटले नाही. तेव्हा मुलाखतीत पावसहून येण्याजाण्याची सोय, घरी मुलांची व्यवस्था काय आहे हे न विचारताही एका वाक्यात सांगून टाका. आपल्याकडे त्या प्रश्नामागे आणखी एक अव्यक्त प्रश्न असतो, तो म्हणजे आंब्याच्या हंगामात आणि गणपतीत किती रजा लागेल. शिमगा तर नेमका वर्षअखेरीच्या हिशेबांवरच येऊन बसतो. बागेची ओळ रेझ्युमेत असल्यामुळे तुम्हाला हे विचारले जाण्याची शक्यता अधिक आहे. मार्च ते मे या काळात बागेचे काम कोण पाहणार हे घरात आधी ठरवा, म्हणजे उत्तर देताना थबकावे लागणार नाही.

समरीने जे साधणार नाही तेही ध्यानात असू द्या. २०१८ चे पद आणि तेव्हाच्या पगाराच्या प्रमाणातला आजचा पगार पहिल्याच नोकरीत मिळेल असे नाही. येथील लहान कारखाने अनेकदा जाहिरात न देता ओळखीतून माणसे घेतात, तेथे समरीच्या आधी तुमच्या जुन्या अकाउंट्स मॅनेजरांचा शब्द पोहोचतो. त्यांच्याशी संपर्क राहिला नसेल तर तो आताच पुन्हा करा, तुम्ही परत काम शोधत आहात हे सांगा आणि त्यांचे नाव संदर्भासाठी देऊ का, असे विचारा. त्यांना तुमची नवी समरीही पाठवा, म्हणजे कोणी विचारल्यास ते खंडाविषयी तुमच्याच शब्दांत सांगतील.

ही समरी कायमची नाही. वार्षिक विवरणपत्र जीएसटीआर-९ भरण्याची मुदत ३१ डिसेंबर असते, त्यामुळे तोवर सल्लागारांच्या ऑफिसात वर्षभराचे आकडे जुळवण्याचे काम निघेल. ते मागून घ्या. एका जरी पार्टीचे काम पूर्ण केले तर जानेवारीत तिसऱ्या वाक्यात त्याची भर घाला आणि जागा करण्यासाठी टॅलीप्राइमचा उल्लेख खालच्या कौशल्यांच्या यादीत हलवा. खंडाचे वाक्य मात्र तसेच राहू द्या.